मेतकूट, गिरणी आणि हिंगाची चिमूट: सिलिॲकच्या प्रश्नांतलं लपलेलं ग्लूटेन

प्रश्न: सांगलीत डाएटेटिक्सचा डिप्लोमा करतेय. सिलिॲकवरच्या एमसीक्यूमध्ये 'लपलेलं ग्लूटेन' आलं की हमखास चुकतं. पुस्तकातली यादी तोंडपाठ आहे, तरी सराव परीक्षेत पाचपैकी दोनच बरोबर आले. हिंग, माल्ट आणि ओट्सबद्दल तर एका पुस्तकात एक आणि दुसऱ्यात दुसरंच. नक्की कोणती यादी धरू?

उत्तर:

सिलिॲकमध्ये गहू-जवातलं ग्लूटेन हे प्रथिन आतड्याला इजा करतं, हे तुम्हाला माहीत आहेच. तरी यादी पाठ असूनही चुकतं, कारण यादीत पदार्थांची नावं असतात आणि प्रश्न काढणारा नेमकं नावच बदलतो. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक याद्या परदेशी पुस्तकांतून उतरलेल्या असतात. त्यांत सोया सॉस, क्रीम सूप, सॅलड ड्रेसिंग सापडतं. मेतकूट सापडत नाही. मी सांगली-मिरज भागात 22 वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय, मधली काही वर्षं शिकवलंय आणि पेपरही काढलेत. तरीही यादीच्या भरवशावर मी स्वतः एकदा चांगली तोंडावर आपटलेय. तिथूनच सांगते.

तासगावकडच्या एका खेड्यातली 9 वर्षांची मुलगी. वजन 19 किलो, हिमोग्लोबिन 7.8, पोट पुढे आलेलं, लोहाची औषधं वर्षभर घेऊनही रक्त वाढत नाही. या आजाराच्या रक्ततपासणीतली टीटीजी अँटिबॉडी कमाल मर्यादेच्या दहापट, बायोप्सीत आतड्याचं अस्तर सपाट झालेलं. निदानात शंका नव्हती. मी आहाराचा कागद लिहून दिला: गहू, रवा, मैदा, बिस्किट, पाव बंद, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालू. सहा महिन्यांत वजन दोन किलो वाढलं, हिमोग्लोबिन साडेदहावर आलं. सगळे खूश. पण वर्ष झालं तरी टीटीजी चारपटीवरच अडकलेली.

टीटीजी उतरायला वेळ लागतो, कधी वर्षाहून जास्त लागतो, हे खरं. पण ती सतत उतरत राहायला हवी. मध्येच थांबली तर पहिला संशय एकच: पोटात अजून कुठून तरी ग्लूटेन जातंय. हे परीक्षेतही लक्षात ठेवा. 'ग्लूटेनमुक्त आहारावर असूनही लक्षणं कायम, तर आधी काय कराल?' या प्रश्नाला पर्यायांत स्टेरॉइड, पुन्हा बायोप्सी, लॅक्टोज बंद असं काय काय असतं. उत्तर बहुतेक वेळा 'आहाराची बारकाईने उजळणी' हेच असतं, कारण न सुधारण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच आहे.

आई शपथेवर सांगत होती की घरात पोरीला गव्हाचा कण देत नाही. मी तिला म्हटलं, "पुढच्या वेळी येताना स्वयंपाकघरातले तिचे सगळे डबे पिशवीत घालून आणा." तिने आणले. टेबलावर ज्वारीच्या पिठाचा डबा, मेतकुटाची बरणी, हिंगाची डबी आणि भडंगाचं पाकीट. मेतकुटाकडे बोट दाखवून मी विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "ताई, तुम्हीच लिहून दिलंय की!" आणि पर्समधून घडी पडलेला माझाच कागद काढला. खरंच, माझ्या अक्षरात लिहिलेलं: 'पोट बिघडलं तर मऊ भात-मेतकूट.' पोरीला आवडलं म्हणून ते रोजचंच झालं होतं.

मेतकुटात हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ यांच्या जोडीला बहुतेक घरांत थोडे गहू भाजून घालतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझी आईही तसंच करायची. पण कागद लिहिताना माझ्या डोक्यात 'मेतकूट म्हणजे आजाऱ्याचं हलकं खाणं' एवढंच होतं, त्यात काय दळलंय हे नव्हतं. तुमचे प्रश्न चुकतात तेही बहुधा असेच. त्या आईकडचं प्रमाण होतं एक वाटी हरभरा डाळ, अर्धी उडीद, अर्धी तांदूळ, पाव वाटी गहू. म्हणजे साधारण नवव्या हिश्श्याला गहू. दोन भरलेले चमचे मेतकूट म्हणजे 10 ग्रॅम धरा, त्यात गहू एक ग्रॅमच्या थोडा वर. गव्हात ढोबळमानाने 8 ते 10 टक्के ग्लूटेन. म्हणजे रोज सुमारे 100 मिलिग्रॅम.

100 मिलिग्रॅम हा आकडा किती मोठा, ते कळायला दोन आकडे मनात ठेवा. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात सिलिॲकच्या रुग्णांना तीन महिने रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन दिलं, तेव्हा आतड्याच्या अस्तराला इजा दिसली. दुसरा आकडा लेबलचा: 'ग्लूटेनमुक्त' लिहायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको. आपली अन्न नियामक संस्था एफएसएसएआय आणि आंतरराष्ट्रीय अन्नमानक कोडेक्स यांची मर्यादा सारखीच आहे. असं पीठ दिवसाला अर्धा किलो खाल्लं तरी पोटात 10 मिलिग्रॅमच जातं, आणि एवढं बहुतेकांना सोसतं. 10 ते 50 च्या मधला पट्टा माणसागणिक बदलतो, तिथे कुणीच ठाम सांगू नये.

आता तुमच्या यादीकडे. मी कुठलाही पदार्थ समोर आला की तीन गोष्टी तपासते. मुळात धान्य कोणतं, त्यातलं प्रथिन शेवटपर्यंत उरलंय का, आणि ताटात येईपर्यंत वाटेत त्याला काय लागलं.

धान्याचं सोपं वाटतं: गहू, जव आणि राय हे परदेशी धान्य. पण गव्हाला आपल्याकडे इतकी नावं आहेत की पेपर काढणाऱ्याला कष्टच पडत नाहीत. रवा, सोजी, दलिया, शेवया, लापशी. सगळ्यात फसवी खपली. आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात खपली पिकते, तिची खीर करतात, आणि ती साखरेच्या आजाराला बरी म्हणून तिचं इतकं कौतुक झालंय की रुग्ण मला विचारतात, "मॅडम, गहू बंद, मग खपली चालेल ना?" नाही चालणार. खपली हा गव्हाचाच जुना भाऊ आहे आणि त्याच्यात ग्लूटेन आहे. उलट बाजूला बकव्हीट, म्हणजे आपला कुट्टू. नावात व्हीट असूनही त्याचा गव्हाशी संबंध नाही. इंग्रजी पेपरात हा पर्याय केवळ नावाने घाबरवायला टाकलेला असतो. आणि सातू म्हणजे जव हे लक्षात असू द्या. 'सातूचं पीठ' या नावाखाली कुणी जव वापरतं, कुणी गहू आणि डाळं. दोन्ही बाद.

थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. भाजल्याने, तळल्याने, उकळल्याने ग्लूटेन जात नाही, हाही हमखास येणारा प्रश्न आहे.

प्रथिन उरलंय का, ही गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते, आणि मुलंही इथेच सगळ्यात जास्त चुकतात. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाचा आणि या आजाराचा संबंध दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हाच्या अनुभवाने त्याचा संशय आणखी पक्का झाला. पुढे 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गव्हाचे भाग वेगळे करून पाहिले: स्टार्चने मुलं आजारी पडत नव्हती, ग्लूटेनने पडत होती. म्हणजे दोष गव्हाच्या नावात नाही, त्यातल्या प्रथिनात आहे.

आता यावर माल्टोडेक्स्ट्रिन तपासा. नावात माल्ट, पण तो स्टार्च तोडून शुद्ध केलेला पदार्थ आहे. बहुधा मक्यापासून करतात आणि गव्हापासून केला तरी त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही. चालतो. ग्लुकोज सिरपचंही तेच. माल्टचा अर्क मात्र जवापासून होतो, त्यात जवाचं प्रथिन येतं. नुसत्या मक्याचे कॉर्नफ्लेक्स चालतील, पण चवीसाठी माल्टचा अर्क घातलेले नाही चालत. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीही त्यातच आल्या. मग नाचणीचं माल्ट? इथे 'माल्ट' ही कृती आहे: नाचणी भिजवली, मोड आणले, वाळवली, भाजली, दळली. घरी केलेलं असेल तर बिनधास्त. पाकिटातलं असेल तर घटक वाचायचे, कारण त्यात गहू किंवा जव मिसळलेले असू शकतात. पुस्तकांमध्ये माल्टबद्दल जो गोंधळ तुम्हाला दिसला तो यातूनच आलाय. एका पुस्तकात जवाचा अर्क डोळ्यांपुढे आहे, दुसऱ्यात मोडाची नाचणी.

आणि कुरडई! गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, गाळून जो चीक खाली बसतो, तो बराचसा स्टार्चच. एका हुशार विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, "मॅडम, मग डिकेच्या हिशेबाने कुरडई चालायला हवी की?" प्रश्न उत्तम. चिकट भाग बराचसा चोथ्यात जातो, पण सगळा जात नाही. कारखान्यात पुन्हा पुन्हा धुऊन, तपासणी करून 20 च्या आत आणलेला गव्हाचा स्टार्च वेगळा, आणि आजीने गच्चीवर पातेल्यात बसवलेला चीक वेगळा. त्याला कुणी मोजलेलं नसतं. कुरडई नको.

वाटेत काय लागलं, हे परीक्षेत कमी येतं आणि दवाखान्यात सगळ्यात जास्त. त्या मुलीचं मेतकूट बंद केलं, टीटीजी चारपटीवरून दुपटीवर आली आणि पुन्हा थांबली. मग मी ज्वारीच्या पिठाच्या डब्याकडे वळले. दळण गावातल्या गिरणीत. तिथे सकाळपासून गव्हाची दळणं चाललेली असतात, आणि ज्वारीचं दळण त्यांच्या पाठोपाठ पडतं. जात्याच्या दगडांत, आतल्या कडेला, पीठ जिथून पडतं तिथे बांधलेल्या कापडात आधीचं पीठ अडकून राहतं आणि पुढच्याच्या दळणात उतरतं. आपण सगळ्या बायका हे जाणतो. उडदाच्या मागे गव्हाचं दळण नको म्हणतो ना, ते यासाठीच.

हिशेब करू. पाच किलो ज्वारीच्या दळणात गव्हाचं 50 ग्रॅम पीठ आलं असं धरा, म्हणजे जेमतेम अर्धी वाटी. हे झालं एक टक्का. गव्हाच्या पिठात ग्लूटेन 8 ते 10 टक्के, म्हणजे ज्वारीच्या त्या पिठात किलोला 800 ते 1000 मिलिग्रॅम. कुठे 20 आणि कुठे 800! पोरगी दिवसाला दोन भाकरी खायची, पीठ साधारण 100 ग्रॅम. पोटात रोज 80 ते 100 मिलिग्रॅम, 'गव्हाचा कण' न खाता. प्रत्यक्षात किती पीठ मिसळतं ते गिरणीवर आणि तुमच्या आधी कोण दळून गेलं त्यावर ठरतं. सकाळी गिरणी झाडून पहिलं दळण ज्वारीचं घातलं तर कमी, गव्हाच्या रांगेत मध्येच घातलं तर जास्त. म्हणून एकाच घरात महिन्यागणिक लक्षणंही वरखाली होतात.

त्यांनी घरघंटी घेतली. मला वाटलं सुटलो. तीन महिन्यांनी टीटीजी तशीच. चौकशी केली तर घरघंटीवर घरातल्या बाकीच्यांचे गहूही दळत होते, "घरचीच तर आहे" म्हणून. शेवटी गहू पुन्हा गावच्या गिरणीत आणि घरघंटी फक्त ज्वारी-तांदळाला, असं उलटं करून घेतलं. पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळणी वेगळी केली. त्यानंतरच्या वर्षात टीटीजी मर्यादेत आली. स्टीलची भांडी मात्र नीट घासली तर वेगळी लागत नाहीत, उगाच घाबरवू नका.

एक मर्यादा इथेच सांगते. टीटीजी नॉर्मल आली म्हणजे आहार अगदी शुद्ध आहे असं सिद्ध होत नाही. थोडं थोडं जाणारं ग्लूटेन तिला नेहमी दिसत नाही. वाढलेली राहिली तर शोध घ्यायचा, पण उतरली म्हणून विचारणं बंद करायचं नाही.

आता हिंग, तुमचा खास प्रश्न. बाजारातला हिंग बहुधा बांधानी असतो, म्हणजे हिंगाचा तीव्र डिंक मैद्यात किंवा तांदळाच्या पिठात आणि खाण्याच्या डिंकात बांधलेला. डबीवर बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. परीक्षेत 'यांपैकी कशात लपलेलं ग्लूटेन असू शकतं' असं विचारून हिंग दिला असेल तर उत्तर हिंगच. आणि 'खडा म्हणजे शुद्ध' हे खरं धरू नका, खडाही बांधलेला असू शकतो. पण प्रमाणाचं भान ठेवा. फोडणीतली चिमूट 0.2 ग्रॅम, त्यातला निम्मा मैदा म्हणजे 0.1 ग्रॅम, त्यात ग्लूटेन फार तर 10 मिलिग्रॅम, तेही पाच माणसांच्या आमटीत. ताटात आलं 2 मिलिग्रॅम. एका आमटीने कुणाचं आतडं बिघडत नाही. पण आमटी, भाजी, ताक, लोणचं आणि वर सांगलीचं भडंग असं दिवसभर चालू राहिलं की बेरीज होते, आणि गिरणीचं पीठ आधीच आत असेल तर काठावरचं काठाबाहेर जातं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो घ्यायला सांगायचं. भडंगातले कुरमुरे, शेंगदाणे, लसूण निर्दोष आहेत, प्रश्न मसाल्यातल्या हिंगाचा. शिवाय सुटं मिळणारं पाकीट असेल तर त्यावर घटकच नसतात.

हे सगळं एका प्रश्नावर लावून पाहू, मी मागे एका चाचणीत घातलेला. 'सिलिॲकच्या रुग्णासाठी कोणता नाश्ता योग्य? अ) नाचणीचं सत्त्व घातलेलं दूध आणि गव्हाच्या चिकाची कुरडई, ब) भाजणीचं थालीपीठ आणि लोणी, क) साबुदाण्याची खिचडी आणि दही, ड) माल्टचा अर्क असलेले कॉर्नफ्लेक्स आणि दूध.' निम्म्या वर्गाने ब लिहिलं होतं, कारण थालीपीठ म्हणजे पौष्टिक. अ मध्ये पहिला भाग चांगला आहे, तो मुद्दाम पुढे ठेवलाय. कुरडईने पर्याय बाद होतो. ड मधलं धान्य मका, ते बरोबर, पण माल्टच्या अर्कातून जव आत येतो. उरला क. साबुदाणा हा कंदाचा स्टार्च, दही-शेंगदाणे निर्धोक, आणि फोडणी जिऱ्याची. पर्यायात 'हिंगाची फोडणी' लिहिलं असतं तर मी स्वतः तो प्रश्न रद्द केला असता, कारण मग उत्तर डबीवर अवलंबून राहतं.

'कशात ग्लूटेन आहे' अशा प्रश्नात दोन पर्याय बरोबर वाटले तर कोणत्या पर्यायात गहू, जव किंवा राय निश्चितपणे आहे ते शोधा. 'असू शकतं' वाला पर्याय मागे पडतो. सोया सॉसला मात्र परीक्षेत निश्चित धरा, कारण तो बहुधा गहू घालूनच आंबवतात.

ओट्सबद्दल पुस्तकं खरंच भांडतात, तुमचा दोष नाही. जुन्या अमेरिकन पुस्तकांत गहू, जव, रायच्या सोबत ओट्सही सरसकट बंद होते. ओट्समधलं प्रथिन वेगळं आहे आणि शुद्ध ओट्स बहुतेक रुग्णांना सोसतात, थोड्यांना सोसत नाहीत, असं नंतर दिसून आलं. नवीन पुस्तकांत म्हणून 'ग्लूटेनमुक्त प्रमाणित ओट्स चालतील' असं असतं. अडचण पुन्हा वाटेचीच: साधे ओट्स शेतात, गोदामात, कारखान्यात गव्हासोबत फिरलेले असतात. म्हणून प्रश्नात नुसतं 'ओट्स' असेल आणि दुसरा स्वच्छ पर्याय असेल तर ओट्स सोडा. 'प्रमाणित, गव्हाच्या संपर्कात न आलेले' असं स्पष्ट लिहिलं असेल तर घ्या. तुमच्या परीक्षेला कोणतं पुस्तक नेमलंय आणि त्याची आवृत्ती कोणती, तेवढं सरांना विचारून ठेवा, कारण या एका बाबतीत उत्तर त्यावर फिरू शकतं. दवाखान्यात मी पहिले सहा-आठ महिने ओट्स देतच नाही. टीटीजी उतरू लागली की मग प्रमाणित ओट्स थोडे सुरू करते. आपल्याकडे भाकरी असताना त्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही.

त्या मुलीचा माझा जुना कागद मी अजून ठेवलाय. मेतकुटाच्या ओळीवर तिच्या आईने लाल पेनाने काट मारलीय आणि बाजूला लिहिलंय, 'गहू न घालता केलं तर चालेल.' आता ती तसंच करते, गव्हाच्या जागी थोडे जास्त तांदूळ घालून, घरघंटीवर दळून.